टोनर लो दाखवलं की कार्ट्रिज हलवून खरंच पानं वाढतात का? बडोद्यातल्या एका क्लासची केस

टोनर लो आलं की कार्ट्रिज बाहेर काढा, दोन्ही हातांनी नीट हलवा, परत आत सरकवा, की अजून दोन-तीनशे पानं आरामात निघतात. बडोद्यातल्या जवळपास प्रत्येक ऑफिसात हे ठामपणे सांगणारा एक तरी माणूस असतोच, आणि समोरचा गुजराती असेल तर लगेच "हलावी नाख ने, चालशे" म्हणून मोकळा होतो. मी रावपुऱ्यात प्रिंटर रिपेअर आणि टोनर रिफिलचं काम करतो, त्यामुळे हा प्रश्न मला सतत विचारला जातो, आणि याचं उत्तर सरळ हो किंवा नाही असं देता येत नाही. म्हणून दांडिया बाजारातल्या एका क्लासची केस सविस्तर लिहितो, कारण तिथे आम्ही हे मोजून बघितलं.

क्लास आठवी ते बारावीचा. काका गणित शिकवतात, काकू ऑफिस आणि फीचं बघतात आणि प्रिंटिंगला एक पोरगा आहे. मशीन म्हणजे छोटं लेझर ऑल-इन-वन, ज्यात ८८-ए कार्ट्रिज लागतं. या कार्ट्रिजचं कंपनीने दिलेलं रेटिंग १५०० पानं आहे, पण ते ५ टक्के कव्हरेज धरून, म्हणजे पानाच्या एकूण जागेपैकी साधारण विसावा भाग काळा झाला तर. साधं पत्र छापलं तर तेवढंच होतं. क्लासची प्रश्नपत्रिका त्याच्या आसपासच जाते, फक्त एक गोष्ट वेगळी आहे, त्यांच्या प्रत्येक पेपरला डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत एक काळा पट्टा असतो आणि त्यात पांढऱ्या अक्षरात क्लासचं नाव. हा पट्टा लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्यावरच आलं.

काकांची सवय फार चांगली, नवीन कार्ट्रिज लावलं की मशीनचा पेज काउंट वहीत लिहून ठेवायचे. वहीप्रमाणे मागच्या दोन्ही कार्ट्रिजना १३०० पानांच्या आसपास Low आलं होतं, त्याच दिवशी पोराने हलवलं, नंतर रोज सकाळी हलवत राहिला, आणि दोन्ही कार्ट्रिज १६०० च्या थोडं पुढे जाऊन संपली. काकांचा हिशोब सरळ होता, तेराशेला संपत आलेलं सोळाशेपर्यंत गेलं म्हणजे हलवल्याने तीनशेच्या वर पानं मिळाली. काकूंचं म्हणणं होतं की ती पानं तशीही निघालीच असती, उगाच रोज काढघाल करून पोराचे हात आणि टेबल काळं होतं. दोघांनी मला विचारलं, मी म्हटलं तिसरं कार्ट्रिज कंपनीचं नवंकोरं लागलंय ना, मग यावेळी Low आल्यावर कुणीही हात लावू नका, मला फोन करा.

आता यात नेमकं काय तपासायचं होतं ते आधी सांगतो, नाहीतर पुढचे आकडे कळणार नाहीत. Low हा मेसेज म्हणजे पावडर संपली असं नसतं. या वर्गातल्या मशीनमध्ये तो एक अंदाज असतो, लेझरने आत्तापर्यंत किती ठिपके काढले त्यावरून किती पावडर गेली असेल हे मशीन ठरवतं आणि कार्ट्रिजच्या चिपवर लिहून ठेवतं. आतल्या हॉपरमध्ये खरी पावडर किती आहे आणि कुठल्या बाजूला आहे हे ते बघत नाही. त्यामुळे Low आल्यावर प्रिंट जर काळीकुळकुळीत येत असेल तर हलवून काही सुधारायचंच नसतं, पण माणूस हलवतो, पुढची प्रिंट चांगली येते, आणि श्रेय हलवण्याला जातं. खरा प्रश्न असा विचारायला पाहिजे की प्रिंट फिकट पडायला लागल्यावर हलवलं तर त्यापुढे किती पानं मिळतात. Low पासून फिकट होईपर्यंतची पानं त्या हिशोबात धरायचीच नाहीत.

यावेळी Low आलं ते परत १३०० च्या आसपासच. मी जाऊन सप्लाय स्टेटसचं पान काढलं, त्यावर उरलेले टक्के येतात. मग कार्ट्रिज बाहेर काढलं, पण न हलवता, आडवं तसंच धरून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून काकूंच्या किचनमधल्या डिजिटल काट्यावर ठेवलं, वजन लिहिलं आणि परत तसंच सरकवलं. मशीनच्या सेटिंगमध्ये Very Low झाल्यावर काय करायचं याला पर्याय असतात, तिथे Stop असेल तर मशीन पावडर असतानाही छापायचं थांबवतं, म्हणून ते Continue वर आहे ना एवढं बघून घेतलं. (खूप ऑफिसांत ‘कार्ट्रिज संपलं’ म्हणतात ते खरं तर या एका सेटिंगमुळे थांबलेलं असतं आणि तिथे कितीही हलवा, काही होत नाही.)

त्यानंतर क्लास नेहमीसारखा छापत राहिला. चौदाशेच्या पुढे Very Low आलं, प्रिंट तशीच काळी. १५४० च्या आसपास पोराचा फोन आला की डावीकडचा पट्टा करडा दिसतोय.

मी गेलो तेव्हा पान बघूनच अर्धं उत्तर मिळालं. पट्टा वरपासून खालपर्यंत फिकट, आणि फिकटपणाची कड धूसर, म्हणजे हळूहळू काळं होत जाणारी. पानाची मधली आणि उजवी बाजू एकदम व्यवस्थित. पण पट्टा त्याच जागेचा आहे म्हणजे फाईलमध्येच काही बदललं असं पण होऊ शकतं, म्हणून तोच पेपर कॉम्प्युटरवर १८० डिग्री फिरवून छापला. आता काळा पट्टा पानाच्या दुसऱ्या बाजूला आला आणि तिथे तो भक्कम काळा उमटला, आणि आधी जिथे पट्टा फिकट येत होता त्या बाजूची साधी अक्षरं आता फिकट आली. म्हणजे दोष छापलेल्या गोष्टीत नाही, कार्ट्रिजच्या त्या टोकाला आहे. हे टेस्टिंग नेहमी कॉम्प्युटरवरून प्रिंट देऊन करायचं, झेरॉक्स काढून नाही, नाहीतर स्कॅनरच्या काचेवरचा डाग पण यात मिसळतो.

कारण साधं आहे. हॉपरमध्ये एक फिरता पंखा असतो, तो पावडर मागून पुढे मॅग्नेटिक रोलरकडे ढकलत राहतो, पण डावीकडची पावडर उजवीकडे नेणं त्याला फारसं जमत नाही. पिठाच्या डब्यातून एकाच कोपऱ्यातून पीठ काढत राहिलं की तिथे खड्डा पडतो आणि दुसऱ्या बाजूला ढीग तसाच राहतो, तसं. क्लासने हजार-दीड हजार पानं डाव्या कडेला जाड काळा पट्टा छापला, त्यामुळे त्या टोकाची पावडर आधी संपली. मशीनच्या चिपला हे कळायचा मार्गच नाही, तिने सगळे ठिपके एकत्र बेरीज करून धरलेले.

मग पहिल्यांदा हलवलं. दोन्ही टोकांना धरून, ड्रमची, म्हणजे कागदावर छाप उमटवणाऱ्या नळीची, झाकण असलेली बाजू न दाबता, आडवं ठेवून एक टोक थोडं खाली, मग दुसरं टोक खाली, असं पाच-सहा वेळा, हळू. इथे महत्त्वाचं हे की पावडर बाजूला सरकवायची आहे म्हणून झुलवायचं ते लांबीच्या दिशेने. पोरगा आधी पुढे-मागे जोरात झटकत होता, त्याने पावडर रोलरकडे येते पण एका टोकाची दुसऱ्या टोकाला फारशी जात नाही. हलवण्याआधी आणि नंतर काट्यावर ठेवलं, वजन तेच. सप्लायचं पान परत काढलं, टक्के पण तेच. परत लावल्यावर पहिल्या दोन पानांवर बारीक ठिपके आले, तिसऱ्या पानापासून पट्टा काळा.

त्यानंतर चांगली पानं निघाली ती सत्तरच्या आसपास. मग परत फिकट, यावेळी डाव्या कडेबरोबर मधे पण डाग पडल्यासारखं. दुसऱ्यांदा हलवलं, अजून वीसेक पानं. तिसऱ्यांदा हलवलं तर तीन-चार पानांतच सगळं पान वरपासून खालपर्यंत, डावं-उजवं एकसारखं फिकट, आणि आतून ड्रम फिरताना हलकासा चीं-चीं आवाज. तिथे थांबवलं. काउंट १६३० ला टेकला होता.

आता हिशोब बघा. Low पासून पहिल्या फिकट पानापर्यंत साधारण २४० पानं न हलवता निघाली, आणि हलवल्यामुळे जी मिळाली ती सगळी मिळून ९० च्या आसपास. काकांना वाटत होतं तीनशेच्या वर, त्यातली बरीचशी काकूंच्या बाजूची निघाली, पण नव्वद पानं खरोखर हलवल्याचीच होती, ती नाकारता येत नाहीत. वजनाने पण हेच सांगितलं, पहिल्या २४० पानांत कार्ट्रिज ८ ग्रॅमने हलकं झालं आणि शेवटच्या नव्वदमध्ये ३ ग्रॅमने, म्हणजे पानामागे पावडर दोन्ही वेळी जवळपास तेवढीच लागली. हलवल्याने पावडर पुरवून पुरवून वापरली गेली असं काही झालं नाही. जी तीन ग्रॅम चुकीच्या टोकाला पडून होती ती कामाला आली, एवढंच.

आणि मला यातली सगळ्यात कामाची वाटलेली गोष्ट म्हणजे आधीची दोन कार्ट्रिज Low येताच हलवायला सुरुवात करून रोज हलवलेली होती, तरी ती पण सोळाशेच्या थोडं पुढेच संपली होती. हे फिकट होईपर्यंत न हलवता चालवलं, तरी तिथेच संपलं. पेपरप्रमाणे काळेपणा कमी-जास्त होतो त्यामुळे वीस-तीस पानांचा फरक मी धरत नाही, पण लवकर हलवून एकूण पानं वाढली असं कुठेही दिसत नाही. लवकर हलवल्याने फक्त पहिला फिकट पट्टा थोडा उशिरा दिसतो, मग शेवट आला की एकदम येतो.

नंतर कार्ट्रिज दुकानात आणून उघडलं. काकांचा एक मुद्दा राहिला होता की हातात धरून झुलवलं तर अजून आत पावडर सरकल्यासारखी जाणवते, मग संपलं कसं? उघडल्यावर ते स्पष्ट दिसलं. हॉपरमध्ये कोपऱ्यांत आणि पंख्याच्या मागे चमचाभर पावडर चिकटलेली, ती रोलरपर्यंत पोचणारच नव्हती. बाकी जी हलत होती ती सगळी वेस्ट बिनमध्ये. या कार्ट्रिजमध्ये ड्रम, वायपर ब्लेड आणि वेस्ट बिन एकाच डब्यात असतात, ड्रमवरून कागदावर न गेलेली पावडर ब्लेड खरवडून काढतं आणि ती मागच्या खणात साठते. ती परत छापायला जात नाही, जायला वाटच नाही. म्हणून हाताला जाणवणाऱ्या पावडरवर विश्वास ठेवायचा नाही. उलट तोच खण भरलेला असताना कार्ट्रिज जोरात झटकलं किंवा उलटं केलं तर ती पावडर ब्लेडच्या कडेने ड्रमवर सांडते, आणि मग पानावर काळे फराटे येतात जे हलवण्याआधी नव्हतेच.

तो चीं-चीं आवाज पण याच ब्लेडचा. वायपर ब्लेड ड्रमला घासत असतं आणि टोनरची बारीक पावडरच त्या दोघांमध्ये वंगणाचं काम करते. पावडर पार संपल्यावर पण कार्ट्रिज पुढे रेटलं तर ब्लेड कोरडं घासतं, कधी कड दुमडते, ड्रमवर ओरखडे पडतात. ज्यांना नंतर रिफिल करून तेच कार्ट्रिज वापरायचंय त्यांनी शेवटची चार-पाच फिकट पानं मिळवायला हे करू नये, कारण त्या पानांपायी ड्रम आणि ब्लेड दोन्ही बदलायला लागतात. माझ्याकडे येणाऱ्या रिफिलच्या कार्ट्रिजमध्ये ड्रम बघूनच कळतं की कुणी शेवटच्या कणापर्यंत हलवत बसलं होतं.

एक शंका यावर नेहमी येते, की आमच्या मशीनमध्ये तर हलवल्यावर Low चा मेसेजच निघून जातो, मग? निघतो, पण ते मशीनवर अवलंबून आहे. काही मशीनमध्ये पावडर खरंच जाणवून घेणारा सेन्सर असतो, कार्ट्रिजच्या खिडकीतून आरपार उजेड जातो का ते बघणारा, किंवा रोलरजवळ किती पावडर आहे ते विजेच्या मोजमापाने ओळखणारा. तिथे हलवल्यावर पावडर सेन्सरसमोर येऊन पडते, मेसेज जातो, आणि थोड्या पानांनी परत येतो, तो गेला म्हणजे पावडर वाढली असं नाही. काही मशीन डेव्हलपर रोलर किती वेळा फिरला ते मोजतात, तिथे एकेक पान सुटं-सुटं छापणाऱ्या ऑफिसात मेसेज खूप आधी येतो, कारण प्रत्येक जॉबच्या आधी-नंतर रोलर रिकामा फिरतो. अशा ठिकाणी मेसेजनंतर भरपूर पानं निघतात आणि हलवणाऱ्याचा विश्वास अजून पक्का होतो, जरी न हलवता पण तेवढीच निघाली असती. काकांच्या मशीनसारख्या चिपच्या हिशोबात मेसेज जात पण नाही आणि टक्के हलत पण नाहीत.

आणि फिकट दिसलं म्हणजे प्रत्येक वेळी पावडर एका बाजूला गेली असंही नसतं. रुंद आणि धूसर कडेचा उभा पट्टा असेल तर हलवून फायदा होतो. बारीक, धारदार कडेची पांढरी रेघ असेल तर रोलरवरचा पावडरचा थर सारखा करणाऱ्या डॉक्टर ब्लेडमध्ये काहीतरी अडकलंय किंवा लेझरच्या वाटेत काचेवर धूळ आहे, ती हलवून जाणार नाही. नवीन कार्ट्रिज असताना सगळं पान एकसारखं फिकट असेल तर आधी टोनर वाचवणारा इकोनो मोड चालू राहिलाय का बघा. पावसाळ्यात बडोद्याच्या दमट हवेत कागदाचं उघडं रीम ओलसर होतं आणि टोनर नीट उतरत नाही, प्रिंट विरळ, ठिगळं पडल्यासारखी येते, तिथे कार्ट्रिजला हात लावण्याआधी सीलबंद रीममधले कोरडे कागद घालून बघायचे.

क्लासमध्ये आता असं ठरलंय की Low आलं की नवीन कार्ट्रिज मागवायचं, पण जुनं काढायचं नाही आणि हलवायचं पण नाही. पट्टा करडा पडला की लांबीच्या दिशेने पाच-सहा वेळा झुलवायचं, खाली जुना पेपर अंथरून, आणि ड्रमला ऊन किंवा ट्यूबलाइट जास्त वेळ लागू न देता. पहिली दोन-तीन रद्दी पानं सोडून मग पेपर छापायचा. दुसऱ्यांदा फिकट झालं की बदलायचं. पहिल्या हलवण्याची सत्तर पानं म्हणजे पस्तीस मुलांचा दोन पानी पेपर, शनिवारी रात्री दुकानं बंद असताना आणि रविवारी सकाळी टेस्ट असताना त्याची किंमत काकांना चांगली माहितीय. पावडर हाताला किंवा शर्टाला लागली तर आधी कोरड्या फडक्याने झटकायची आणि मग थंड पाण्याने धुवायची, गरम पाण्याने नाही, कारण टोनर मुळात प्लास्टिकची भुकटी आहे आणि गरमीने ती मऊ होऊन कापडात बसते. काळ्या पट्ट्याबद्दल मी काकांना सुचवलं की जाड पट्ट्याऐवजी नुसती चौकट ठेवा, नाव आत काळ्या अक्षरात लिहा, पावडर पण वाचेल आणि एकाच टोकावर भार पण पडणार नाही. पुढच्या टर्मच्या पेपरपासून त्यांनी चौकट केलीये.